वाळूजला शुक्रवारी फॉलोअप पाठवू नका: मुलाखतीनंतरचा निरोप कोणत्या वारी, किती वाजता?

डिप्लोमा झाल्यावर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात मुलाखत दिली. ‘आठ दिवसांत कळवतो’ म्हणाले. आठ दिवस झाले, दहा झाले. मग कुणीतरी सांगितलं की सकाळी दहाला मेल टाकलेला बरा, साहेब नुकतेच खुर्चीत बसलेले असतात. मी शुक्रवारी सकाळी बरोबर दहाला मेल पाठवला आणि दिवसभर फोन उशाशी घेऊन बसलो. कारखान्याला त्या दिवशी कुलूप होतं. शुक्रवार हा त्यांचा वीकली ऑफ, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

पुढे दुसऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो. तिथे एचआरच्या शेजारी बसून चार वर्षं काढली, तेव्हा आपला मेल कुठे बुडाला असेल ते कळलं. खाली लिहिलंय ते मुख्यतः वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांबद्दल आहे. सरकारी भरतीला यातलं काही लागू नाही, तिथलं वेळापत्रक जाहिरातीत असतं.

काय जवळ हवं

- मुलाखतीला बोलावल्याचा मूळ मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप निरोप. तो पुसू नका.
- मुलाखत घेणाऱ्यांची नावं आणि हुद्दे. बाहेर पडल्यावर लगेच, गेटजवळच्या चहाच्या टपरीवर उभं राहून लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत निम्मं विसरतं.
- ‘कधी कळवू’ याबद्दल ते जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत.
- भिंतीवरची दिनदर्शिका, सण-तिथी दाखवणारी.
- जीमेलचं खातं आणि फोन.

१. आधी कारखान्याचा वीकली ऑफ शोधा

सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर विजेचा भार एका दिवशी एकदम उतरतो आणि बाकीच्या दिवशी चढतो. म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून देण्याची पद्धत पडली. पुण्याकडे भोसरी-चिंचवडला गुरुवार, आपल्याकडे वाळूजमधल्या पुष्कळ कारखान्यांना शुक्रवार. पुष्कळ म्हणजे सगळ्यांना नव्हे. काही मोठ्या कंपन्या रविवारच पाळतात, काहींच्या भट्ट्या बाराही महिने बंद होत नाहीत आणि तिथे माणसांची सुट्टी पाळीने फिरते. त्यामुळे अंदाज बांधू नका, विचारा.

विचारायची जागा म्हणजे गेटवरची सिक्युरिटी केबिन. मुलाखतीच्या दिवशी रजिस्टरमध्ये नाव लिहून गेटपास घेताना ‘काका, कंपनीला सुट्टी कोणत्या वारी असते, आणि जनरल शिफ्ट कितीला सुटते?’ एवढं विचारलं की काम झालं. एचआरला हे विचारलं तर उमेदवार कामाआधी सुट्टीची चौकशी करतोय असा अर्थ निघू शकतो. गेटवरचा माणूस तसा अर्थ काढत नाही.

शुक्रवार सुट्टीचा निघाला की सगळा आठवडा सरकतो. शनिवार हा तिथला सोमवार होतो आणि गुरुवार हा तिथला शनिवार. रविवार कामाचा असतो. बाहेरच्या सल्ल्यात ‘सोमवार टाळा, शुक्रवारी दुपारनंतर टाळा’ असं सांगतात, ते इथे जसंच्या तसं वापरलं तर फसगत होते.

आता सुट्टीच्या दिवशी पाठवलेल्या मेलचं काय होतं ते सांगतो. तो हरवत नाही, पण खाली जातो. शनिवारी सकाळी एचआरचे साहेब संगणक सुरू करायचे तेव्हा ठेकेदारांची हजेरी, कँटीनचं बिल, नोकरीच्या साइटवरून आपोआप येणारे अर्ज, हेड ऑफिसचे रिमाइंडर असा ढीग एकावर एक साचलेला असायचा. नवा मेल वर, जुना खाली. साहेब वरून वाचत यायचे आणि पंधरावीस मेल झाले की कुणीतरी दारात उभं राहायचं, ‘सर, लाइनवर चार पोरं कमी आहेत.’ ते उठले की उरलेला ढीग तसाच. दुपारी परत बसेपर्यंत वर नवे मेल आलेले. शुक्रवारी सकाळी दहाचा मेल या ढिगाच्या तळाशी असतो. मुद्दाम कुणी टाळलेला नसतो.

२. निर्णय कुठे होतो ते पाहा

हा भाग बहुतेक जण सोडून देतात. मुलाखत प्लांटमध्ये झाली तरी जागेला मंजुरी अनेकदा पुण्या-मुंबईच्या हेड ऑफिसातून येते, आणि त्या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असते. म्हणजे प्लांटचा एचआर शुक्रवारी नाही आणि मंजुरी देणारा शनिवारी-रविवारी नाही. शनिवारी तुमचा निरोप वाचून प्लांटच्या एचआरला खरोखर चौकशी करावीशी वाटली, तरी पलीकडे फोन उचलणारं कुणी नसतं. सोमवारपर्यंत तो निरोप डोक्यातून गेलेला असतो.

दोन्हीकडे माणसं जागेवर असतात असे दिवस उरतात सोमवार ते गुरुवार. त्यातला सोमवार हेड ऑफिसच्या ढिगाचा. गुरुवार प्लांटमध्ये उद्याच्या सुट्टीआधी आवराआवरीचा. राहिले मंगळवार आणि बुधवार. सगळे सांगतात तोच मंगळवार अखेर इथेही आला, मान्य आहे. पण तो का आला हे माहीत असलं की जिथे येत नाही तिथेही तुम्हाला वार काढता येईल. हेड ऑफिस आणि प्लांट एकाच आवारात असेल आणि सुट्टी शुक्रवारी असेल, तर रविवार ते बुधवार सगळे वार सारखेच चांगले. रविवारी तर इतर उमेदवार काहीच पाठवत नाहीत, म्हणून तुमचा निरोप एकटा दिसतो. मालक स्वतःच सगळं पाहतो अशा छोट्या कारखान्यात मेल-बिल विसरा, त्यांच्या मोबाइलवर निरोप टाका.

मंजुरी कुठून येते हे कसं कळणार? मुलाखतीच्या शेवटी ‘पुढची प्रक्रिया कशी असते, सर?’ असं विचारा. ‘पुण्याला पाठवावं लागतं’, ‘मॅनेजमेंटकडून अप्रूव्हल यायचंय’ असं काही आलं की समजा, दोन ऑफिसं आहेत.

३. वारानंतर तारीख पाहा

वार बरोबर असून तारीख चुकली तरी निरोप वाया जातो. मध्यम कारखान्यात भरती आणि पगार बहुधा एकाच टेबलावर असतात. एक तारीख उजाडली की मस्टर जुळवणं, ओव्हरटाइम लावणं, ठेकेदारांच्या माणसांची हजेरी तपासणं सुरू होतं, कारण पगार सात तारखेच्या आत द्यायचा असतो. तो गेला की पीएफ आणि ईएसआयसीची चलनं, त्यांची शेवटची मुदत १५ तारीख. आमच्याकडे १ ते ७ या दिवसांत साहेबांशी बोलायचं तर आम्हालाही दबकत जावं लागायचं.

महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत एचआर त्यामानाने मोकळा असतो, पण प्रॉडक्शनवाले डिस्पॅचच्या मागे असतात. आणि ‘घ्यायचा का नाही’ हे बहुधा प्रॉडक्शन किंवा क्वालिटीचा मॅनेजरच ठरवतो. म्हणून सगळ्यात सोयीचा पट्टा म्हणजे १६ ते २५ तारीख. त्यानंतर ८ ते १०, कारण पगार झालेला असतो आणि चलनाची घाई अजून अंगावर आलेली नसते.

सणांचं आपल्याकडचं वेगळं आहे. पोळ्याला आणि भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत निम्मी लाइन गावाकडे असते. एचआर आहे त्या माणसांत मशिनं कशी चालवायची या विवंचनेत असतो. लातूर-धाराशिवकडचं ऑफिस असेल तर वेळ अमावास्येला म्हणजे येळवशीला काही पाठवू नका, साहेबही कुणाच्या तरी शेतात आंबिल पीत असतील. मुंबईच्या सुट्ट्यांच्या यादीत हे दिवस दिसत नाहीत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहूनच कळतात.

४. आता घड्याळ

जनरल शिफ्ट साधारण साडेआठ-नऊला लागते. पहिला तासभर गैरहजेरीचा असतो: कोण आलं नाही, कुठल्या ठेकेदाराची गाडी आली नाही. मग प्रॉडक्शनची सकाळची मीटिंग. साडेदहाच्या सुमाराला चहा येतो आणि माणूस पहिल्यांदा स्वस्थ बसून मेल उघडतो. म्हणून मेल पोचायची वेळ १०:३० ते ११:१५. साडेबारानंतर जेवणं. तीन-साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी लागते, तेव्हा टाइम ऑफिसच्या खिडकीवर रांग असते, कार्ड पंच झालं नाही, सुट्टीचा अर्ज, अ‍ॅडव्हान्स. ती रांग ओसरली की चार ते पावणेपाच हा दुसरा निवांत वेळ. मेल सकाळच्या वेळेत पाठवा. फोन करायचा असेल तर चारनंतर करा, सकाळी फोनवर ‘बघतो, कळवतो’ यापलीकडे कुणी बोलत नाही.

रात्री अकराला पाठवलेला मेल वाईट दिसतो असं नाही. तो फक्त सकाळच्या ढिगात सामील होतो. व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र वेगळं. रात्री घरी जेवताना निरोप वाचला गेला, निळ्या खुणा उमटल्या, ‘उद्या ऑफिसात गेल्यावर पाहू’ म्हणून फोन बाजूला ठेवला, संपलं. एकदा वाचलेला निरोप परत वर येत नाही.

५. ‘आठ दिवस’ म्हणजे कोणता दिवस?

आपल्या बोलण्यात आठ दिवस म्हणजे एक आठवडा, पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. गुरुवारी ‘आठ दिवसांत’ म्हणाले तर पुढचा गुरुवार. तो पूर्ण जाऊ द्या. मग कामाचा किमान एक दिवस जाऊ द्या, आणि त्यानंतर वरच्या तिन्ही चाळण्यांतून, म्हणजे वार, तारीख, वेळ यांतून उतरणारा पहिला दिवस धरा. मुदतीच्या आधी पाठवलेला निरोप उतावळेपणाचा वाटतो. ‘उद्या-परवा सांगतो’ याला मुदत धरू नका. तिथे आणि काहीच सांगितलं नसेल तिथे कामाचे सात दिवस मोजा, कारखान्याची सुट्टी वगळून.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीचा दोन ओळींचा आभाराचा मेल यात मोजू नका. तो पाठवायचा असेल तर पाठवा. त्याचं उत्तर येत नाही आणि यायला नको.

६. एक उदाहरण, तारखांसकट

केज तालुक्यातला, आमच्या ओळखीतला एक मुलगा. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी वाळूजला मुलाखत झाली गुरुवार, २७ नोव्हेंबरला. प्लांटला सुट्टी शुक्रवारी, मंजुरी पुण्याहून. ‘आठ दिवसांत कळवतो.’

मुदत संपते गुरुवारी, ४ डिसेंबरला. तो ५ तारखेलाच पाठवायला निघाला होता, मी थांबवलं. ५ शुक्रवार, प्लांट बंद. ६ शनिवार, सुट्टीनंतरचा पहिला दिवस, त्यात उद्या ७ तारीख, पगाराची. ७ रविवार, पुणे बंद. ८ सोमवार, पुण्याच्या ढिगाचा दिवस. ९ मंगळवार: पगार झालेला, चलन अजून लांब, दोन्हीकडे माणसं हजर. मेल गेला ९ तारखेला १०:४० ला. म्हणजे मुदतीनंतर पाच दिवसांनी. त्या पाच दिवसांत त्याने मला रोज फोन केला, ते वेगळं.

मजकूर एवढाच होता:

> आदरणीय मॅडम, २७ नोव्हेंबरला क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी माझी मुलाखत झाली होती. त्या जागेबाबत पुढचा निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे, हे कळवलंत तर बरं होईल. आणखी काही कागदपत्रं हवी असल्यास लगेच पाठवतो.

हा मजकूर नवीन मेल म्हणून पाठवला नाही. मुलाखतीला बोलावल्याच्या मेललाच उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे हा कोण हे शोधायची वेळ मॅडमवर आली नाही. दुपारी सव्वाचारला उत्तर: ‘अप्रूव्हल पुढच्या आठवड्यात अपेक्षित.’

पुढचा आठवडा म्हणजे २० तारखेपर्यंत. तो जाऊ दिला. २१ रविवार, २२ सोमवार, २३ मंगळवार. २५ ला नाताळ, आणि त्यानंतर वर्षअखेरीच्या रजा सुरू होतात, म्हणून २३ सोडला असता तर निरोप थेट जानेवारीत गेला असता. दुसरा मेल २३ ला, त्याच साखळीत, दोन ओळींचा. संध्याकाळी प्लांटमधून फोन आला, पगाराची अपेक्षा विचारली. पत्र हातात पडलं १२ जानेवारीला. वार साधला म्हणून नोकरी लागली असं मी म्हणणार नाही. मुलाखतीत त्याच्या हातात बोअर गेज दिला होता, तो त्याने आधी मास्टर रिंगवर शून्याला लावला आणि मगच माप घेतलं. नोकरी तिथेच लागली होती. मेलने फक्त अडलेला कागद हलवला.

७. मेल आधी लिहून वेळ लावून ठेवा

मंगळवारी पावणेअकराला तुम्ही कुठे असाल याचा भरवसा नसतो. बसमध्ये असाल, शेतात असाल, रेंज नसेल. म्हणून रात्रीच मेल लिहा आणि वेळ लावून ठेवा. जीमेलमध्ये फोनवर उजवीकडे वरच्या तीन टिंबांवर दाबलं की `Schedule send` दिसतं, संगणकावर ते `Send` शेजारच्या बाणात असतं. `Pick date & time` मधून तारीख-वेळ द्या. सकाळ-संध्याकाळ नीट पाहा, `AM` ऐवजी `PM` ठेवून रात्री पावणेअकराला मेल गेलेला मी पाहिला आहे. एकदा वेळ लागली की फोन बंद असला तरी मेल जातो.

पण मधल्या काळात कंपनीचाच फोन आला तर? तो मेल अजून रांगेत आहे हे लक्षात ठेवा. `Scheduled` या फोल्डरमध्ये जाऊन उघडा आणि `Cancel send` करा. ‘सोमवारी रुजू व्हा’ असं ऐकल्यावर मंगळवारी ‘निर्णय कधी होईल?’ असा मेल गेला तर शोभत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी वेळ लावायची सोय शोधत बसू नका, फोनचा गजर लावा आणि हाताने पाठवा.

८. वार-तारीख बाजूला ठेवायची वेळ

दुसरीकडून पत्र आलंय आणि त्यांना परवापर्यंत उत्तर हवंय, तर वरचं काही पाहू नका. त्याच दिवशी, कामाच्या वेळेत, आधी फोन करा आणि मग मेल. ‘मला अमुक तारखेपर्यंत एका ठिकाणी उत्तर द्यायचं आहे, पण माझी पसंती आपल्याकडे आहे’ असं सरळ सांगा. पत्र खरंच हातात असेल तरच. एमआयडीसीतले एचआर एकमेकांना ओळखतात, एका चहात खोटं उघडं पडतं.

ज्यांनी स्वतः वार दिला, ‘शनिवारी फोन कर’ म्हणाले, तिथे शनिवारीच करा. तुमचा हिशेब त्यांच्या शब्दापुढे चालत नाही.

दुसऱ्या मेलनंतरही उत्तर नाही आलं, तर दहा-बारा दिवसांनी दुपारी चारनंतर एकदाच फोन करा. तिथेही ‘बघतो’ आलं, तर त्या जागेची पाटी मनातून काढा. तिसरा-चौथा मेल मी टाइम ऑफिसातून पाहिलेला आहे. साहेब तो उघडत नसत, नाव वाचून पुढे जात. आणि सहा महिन्यांनी दुसरी जागा निघाली की तेच नाव त्यांना आठवायचं.